लग्न डिसेंबरात, लस सप्टेंबरात: रुबेला आणि गर्भधारणेआधीच्या लसीकरणाचं वेळापत्रक

रुबेला मोठ्या माणसाला झाला तर बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन दिवस कणकण, कानामागे आणि मानेवर गाठी, चेहऱ्यापासून खाली उतरणारं फिकट गुलाबी पुरळ, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं साफ. जवळजवळ निम्म्या लोकांना तर पुरळही उठत नाही. हाच विषाणू गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईच्या रक्तात शिरला तर बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कानांना कायमचा बहिरेपणा आणि हृदयात दोष, अशी तिन्ही एकत्र येऊ शकतात. 1941 मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांकडे चौकशी केली आणि गरोदरपणात त्यांना रुबेला होऊन गेल्याचं शोधून काढलं, तेव्हा हा संबंध पहिल्यांदा उजेडात आला. तोवर हा आजार ‘किरकोळ’ या खात्यात जमा होता. आपल्याकडे घरोघरी तो अजून त्याच खात्यात आहे.

हा लेख त्यातल्या एकाच प्रश्नाभोवती आहे: मूल हवं असेल तर रुबेलाची लस नेमकी कधी घ्यायची, त्याआधी काय तपासायचं आणि हिशोब कुठे चुकतो. बाकीचे संसर्ग जिथे या हिशोबाला आडवे येतात तिथे येतील.

उशीर का चालत नाही

गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकली हे लक्षात येतं तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. घरी पट्टीवर दोन रेघा दिसल्या, मग चार दिवस सांगू की नको, मग डॉक्टरांची वेळ, मग पहिली सोनोग्राफी. एवढ्यात सातवा-आठवा आठवडा उजाडतो. बाळाचं हृदय आणि डोळ्यांचं भिंग नेमकं याच दिवसांत घडत असतं. पहिल्या बारा आठवड्यांत आईला संसर्ग झाला तर बाळाला इजा होण्याचा धोका जवळजवळ 90 टक्क्यांपर्यंत जातो. पुढे तो झपाट्याने उतरतो. सोळाव्या आठवड्यानंतर मुख्यतः कानांचीच भीती उरते आणि विसाव्यानंतर धोका नगण्य होतो.

यावर औषध नाही. विषाणू मारणारं काही नाही, आणि संसर्गानंतर बाळाला नक्की वाचवेल असं इंजेक्शनही नाही. रुबेलाची लस हा जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असल्यामुळे ती गरोदरपणात देत नाहीत. म्हणजे धोका ज्या दिवसांत सर्वांत जास्त, त्याच दिवसांत लस बंद. म्हणून हे काम आधीच उरकावं लागतं.

पहिली पायरी: वय आणि जुनी फाइल

रक्त द्यायला जाण्याआधी जन्मतारीख बघा. गुजरातमध्ये गोवर-रुबेलाची मोठी मोहीम जुलै 2018 मध्ये सुरू झाली. 9 महिने ते 15 वर्षं वयाच्या सगळ्या मुलामुलींना शाळांमधून आणि आरोग्य केंद्रांतून एक डोस दिला गेला. वडोदऱ्यात त्या वेळी शाळेत असलेल्यांना तो दिवस आठवत असेल. साधारण 2003 च्या मध्यानंतर जन्मलेल्या आणि तेव्हा गुजरातेत शिकत असलेल्या मुलीला तो डोस मिळाला असण्याची शक्यता चांगली आहे. त्याआधी जन्मलेली मुलगी वयामुळे मोहिमेच्या बाहेर राहिली. आज लग्नाच्या आणि पहिल्या बाळंतपणाच्या वयात असलेल्या बऱ्याच जणी या सुटलेल्या तुकडीतल्या आहेत. माहेर दुसऱ्या राज्यात असेल तर ही तारीख बदलते. उदाहरणार्थ, मध्य प्रदेशात मोहीम जानेवारी 2019 मध्ये झाली, त्यामुळे इंदूरहून आलेल्या सुनेसाठी सीमारेषा जवळपास सहा महिन्यांनी पुढे सरकते.

इथे आईच्या आठवणीवर विसंबू नका. ‘हिला गोवर होऊन गेलाय, लसही दिली होती’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी फसवतं. गोवर आणि रुबेला हे दोन वेगळे विषाणू आहेत, एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला लागू पडत नाही. शिवाय पुरळ बघून केलेलं निदान चुकू शकतं, कारण रुबेला, गोवर, डेंगी आणि साध्या विषाणूतापाचं पुरळ दिसायला सारखं असू शकतं. वडोदऱ्याच्या घरांत तर मराठी आणि गुजराती शब्दांची सरमिसळ असते. शेजारच्या बेन ज्याला ओरी म्हणतात तो गोवर, आणि अछबडा म्हणतात त्या कांजिण्या. लसीचंही तेच. मोहिमेआधी सरकारी केंद्रावर नवव्या महिन्याला मिळायची ती फक्त गोवराची लस, तिच्यात रुबेला नव्हता. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे मात्र सव्वा वर्षाच्या सुमारास एमएमआर देत असत, तिच्यात गोवर, गालगुंड आणि रुबेला तिन्ही असतात.

म्हणून पुरावा एकच: कागद. बालपणीची लसीकरणाची फाइल बहुधा आईच्या कपाटात जन्मदाखल्यासोबत असते. तिच्यात एमएमआर किंवा एमआर, म्हणजे गोवर-रुबेला, असं लिहिलेलं असेल आणि समोर तारीख असेल तर रुबेलाचा एक डोस झाला असं धरता येतं. तारखेशिवाय नुसती टिकमार्क असेल तर मोजू नका.

दुसरी पायरी: कोणती तपासणी, आणि कोणती नको

कागद सापडला नाही तर एक तपासणी करायची: रुबेला आयजीजी. ही प्रतिपिंडं शरीरात कायम राहिलेली पहाऱ्याची फौज आहे. बहुतेक प्रयोगशाळा 10 आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण आहे असं धरतात. पण प्रत्येक यंत्राची हद्द थोडी वेगळी असते, म्हणून रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेली हद्दच वाचावी.

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की घरात धडधड सुरू होते. लग्नाआधीच्या किंवा गर्भधारणेआधीच्या तपासणीत आयजीजी पॉझिटिव्ह येणं ही चांगली बातमी आहे. तिचा अर्थ ‘आजार आहे’ असा नसून ‘संरक्षण आहे’ असा आहे. आयजीजी निगेटिव्ह आलं तरच लस लागते. पॉझिटिव्ह असताना चुकून लस घेतली तरी काही बिघडत नाही, शरीरातली प्रतिपिंडं तो दुबळा विषाणू निकामी करतात. म्हणून काही डॉक्टर तपासणीच्या फंदात न पडता सरळ लस देतात, आणि ते चूक नाही. दिवस कमी असतील तर उलट तेच शहाणपणाचं.

नको असलेली तपासणी म्हणजे टॉर्च. आपल्याकडे एखादा गर्भ पडला की ती हमखास लिहून देतात. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पीस या चौघांची आयजीजी आणि आयजीएम अशी आठ आकड्यांची यादी हातात येते आणि त्यातलं एखादं आयजीएम लाल अक्षरांत असतं. आयजीएम ताज्या संसर्गाच्या वेळी वर जातं हे खरं, पण ते खोटंही वर जातं, आणि कधी जुन्या संसर्गानंतर महिनोन्‌महिने खाली येतच नाही. हिशोब करून बघा. हजार निरोगी बायकांची तपासणी केली आणि त्यातल्या एकीलाच खरोखर ताजा रुबेला असला, तर शंभरात दोन वेळा चुकणारी चांगली तपासणीसुद्धा वीस जणींना खोटं पॉझिटिव्ह दाखवेल. म्हणजे एकवीस लाल रिपोर्टांपैकी खरा एकच. आजाराचं लक्षण नसताना, आजारी माणसाशी संपर्क आलेला नसताना आलेला हा लाल आकडा बऱ्याचदा काहीच सांगत नाही. शिवाय एक-दोनदा गर्भ पडण्याचं कारण टॉर्चमध्ये सापडणं फार विरळ. त्यावर महिनाभर गोळ्या खाणं हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे, आणि नवऱ्याच्या घरी ‘हिच्यात काहीतरी आहे’ असा शिक्का बसतो तो वेगळाच.

गर्भधारणेआधी रुबेला आयजीजीसोबत खरोखर उपयोगी पडतील अशा तपासण्या मोजक्याच आहेत: कांजिण्या झाल्या नसतील तर त्यांचं आयजीजी, कावीळ बीसाठी एचबीएसएजी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि एचआयव्ही. सिफिलिसचं नाव ऐकून कुणी नाक मुरडू नये. पोटातल्या बाळाला होणाऱ्या गंभीर संसर्गांपैकी हा पेनिसिलिनने पूर्ण बरा होणारा आहे. तो सुटतो तो फक्त तपासणी राहून गेल्यामुळे.

तिसरी पायरी: वेळापत्रक

समजा, मुलगी 28 वर्षांची आहे, दांडिया बाजारात माहेर, लग्न 5 डिसेंबरला ठरलंय आणि लग्नानंतर फार थांबायचं नाही असं दोघांचं मत आहे. 2018 च्या मोहिमेत ती विशीत होती, म्हणजे बाहेर. फाइलमध्ये फक्त गोवराची नोंद आहे. 7 सप्टेंबरला तिने रक्त दिलं. रुबेला आयजीजी आलं 3, म्हणजे संरक्षण नाही. कांजिण्या तिला दुसरीत असताना झाल्या होत्या, अंगावर खड्डे अजून आहेत, म्हणून त्या लसीचा प्रश्नच नाही. कावीळ बीची लस घेतल्याची नोंद नाही, तपासणी निगेटिव्ह आहे.

आता तारखा लावायच्या. एमएमआरचा पहिला डोस 14 सप्टेंबरला, त्यानंतर किमान 28 दिवसांनी दुसरा, म्हणजे 12 ऑक्टोबर किंवा त्यानंतर. शेवटच्या डोसानंतर एक महिना, निदान 28 दिवस, गर्भ राहू द्यायचा नाही. 12 ऑक्टोबरपासून 28 दिवस म्हणजे 9 नोव्हेंबर. लग्न 5 डिसेंबरला, म्हणजे जवळजवळ चार आठवडे शिल्लक. जुन्या पुस्तकांत आणि काही डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर अजून ‘तीन महिने थांबा’ असं असतं. तो जुना नियम आहे, आता एक महिना पुरतो.

कावीळ बीची लस निर्जीव आहे, म्हणून तिच्यासाठी गर्भधारणेची वाट अडत नाही. पहिला डोस 14 सप्टेंबरला त्याच बैठकीत दुसऱ्या हातात, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तोवर गर्भ राहिला तरी तिसरा डोस ठरल्या वेळी घेता येतो. फॉलिक अॅसिडची रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून चालू.

आता यातल्या गाठी सोडवू. ती डॉक्टरांकडे 20 ऑक्टोबरला पोचली असती तर? रुबेलासाठी एक डोसही 95 टक्क्यांहून जास्त जणींना संरक्षण देतो. दुसरा डोस मुख्यतः गोवर आणि गालगुंडासाठी असतो. म्हणून 20 ऑक्टोबरला एक डोस, 17 नोव्हेंबरपर्यंत 28 दिवस पूर्ण, आणि दुसरा डोस बाळंतपणानंतर. दोन डोसांच्या हट्टापायी एकही न घेणं, ही चूक बऱ्याचदा होते.

कांजिण्याही झालेल्या नसतील आणि आयजीजी निगेटिव्ह असेल तर? कांजिण्यांची लसही जिवंत आहे, तिचे दोन डोस किमान 28 दिवसांच्या अंतराने लागतात आणि तिच्यानंतरही एक महिना गर्भ टाळायचा. दोन जिवंत लसी एकाच दिवशी दोन हातांत देता येतात. एका दिवशी दिल्या नाहीत तर मात्र त्यांच्यात 28 दिवसांचं अंतर हवंच, नाहीतर पहिलीने जागा झालेला प्रतिकार दुसरीला रुजूच देत नाही. म्हणून 14 सप्टेंबरला दोन्ही एकदम, 12 ऑक्टोबरला पुन्हा दोन्ही एकदम. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी घेत बसलं तर डिसेंबरचा मुहूर्त गेलाच म्हणून समजा.

क्षयाची चाचणी करायची असेल, म्हणजे हातावर टोचून तीन दिवसांनी सूज मोजतात ती, तर ती लसीच्याच दिवशी किंवा आधी करावी. नाहीतर चार ते सहा आठवडे थांबावं, कारण मधल्या काळात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. परदेशी जाणाऱ्या नवऱ्यासोबत व्हिसाची धावपळ करणाऱ्या मुलींना हे आधी ठाऊक असलेलं बरं. रक्त चढवलं असेल किंवा प्रतिपिंडांचं इंजेक्शन घेतलं असेल तर लसीला काही महिने थांबावं लागतं. किती, ते काय दिलं होतं त्यावर ठरतं, म्हणून त्या इस्पितळाचा डिस्चार्ज कागद सोबत न्या.

लग्न आधीच झालंय तर

विवाहित स्त्रीला लस देण्याआधी डॉक्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. सोयीचा मार्ग म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत डोस घ्यायचा, कारण त्या वेळी गर्भ असण्याची शक्यता फारच कमी. त्यानंतर महिनाभर भरवशाचं गर्भनिरोधक वापरायचं. ‘सुरक्षित दिवस’ पाळणं याला भरवसा म्हणत नाहीत.

आणि तरीही चूक झाली तर? लस घेतली 3 तारखेला आणि 20 तारखेला पट्टीवर दोन रेघा दिसल्या, असं होतं. अशा वेळी गर्भपाताचा सल्ला देणारे भेटतात, घरातही आणि क्वचित दवाखान्यातही. लसीमुळे गर्भ पाडण्याची गरज नाही. गर्भ असताना न कळत ही लस घेतलेल्या हजारो स्त्रियांची नोंद ठेवली गेली आहे आणि लसीच्या विषाणूमुळे जन्मजात रुबेलाचा दोष असलेलं एकही बाळ त्यात आढळलेलं नाही. महिनाभर थांबा, हा नियम सावधगिरीचा आहे. तो मोडला म्हणून हवं असलेलं बाळ गमावायचं कारण नाही. नेहमीच्या तपासण्या नेहमीच्या वेळी करायच्या, बस्स.

चौथी पायरी: टोचण्याच्या खोलीत काय बघायचं

सरकारी कार्यक्रमातली एमआर लस मुलांसाठी असते, मोठ्यांना ती सहसा विकत घ्यावी लागते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फ्रिजमध्ये ती नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे हमखास असते. आपलं बाळ नसतानाही त्यांच्याकडे जाऊन एमएमआर घेता येते. संकोच बाळगण्याचं काहीच कारण नाही.

औषधाच्या दुकानातून आणून द्यायला सांगितलं तर जरा जपून. लस पूड स्वरूपात येते, तिला उष्णता आणि उजेड दोन्ही सोसत नाहीत. मे महिन्याच्या वडोदऱ्यात रावपुऱ्यातून कारेलीबागेपर्यंत डिकीत पडून आलेली कुपी वरून छान दिसेल, पण आतला विषाणू मेलेला असू शकतो. शक्य असेल तर लस दवाखान्याच्या फ्रिजमधूनच घ्यावी. आणावीच लागली तर बर्फाच्या पिशवीसह थर्मासमध्ये आणावी, आणि उन्हातून सरळ दवाखान्यात जावं, मध्ये भाजी घ्यायला थांबू नये.

टोचताना चार गोष्टी नजरेखालून घाला. कुपीवरची मुदत. पूड विरघळवायला तिच्यासोबत आलेलं पाणीच वापरलं का, कारण दुसरं कुठलंही पाणी चालत नाही. डोस विरघळवून लगेच दिला का, आधीपासून भरून ठेवलेली सिरिंज नको. आणि स्पिरिटने पुसलेली जागा वाळू दिली का, कारण ओल्या स्पिरिटने जिवंत लस निकामी होऊ शकते. डोस अर्धा मिलिलिटर, दंडाच्या वरच्या भागात कातडीखाली. नंतर पंधरा-वीस मिनिटं दवाखान्यातच बसावं. मग कार्डावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. पुढच्या गर्भारपणात हाच कागद विचारला जाणार आहे.

साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी थोडा ताप किंवा हलकं पुरळ येऊ शकतं. मोठ्या वयाच्या मुलींना एक ते तीन आठवड्यांत बोटांचे किंवा गुडघ्यांचे सांधे दुखू शकतात. चौघींपैकी एकीला इतपत ते होतं आणि काही दिवसांत थांबतं. मेंदीच्या दिवशी बोटं आखडू नयेत म्हणून तरी डोस लग्नाच्या महिनाभर आधी उरकावा. ज्यांना कर्करोगाचं औषध, मोठ्या मात्रेत स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे, किंवा निओमायसिनने पूर्वी गंभीर प्रतिक्रिया आली आहे, त्यांनी ही लस घ्यायची नाही. अंड्याची अॅलर्जी मात्र आडवी येत नाही.

लस घेतल्यावर पुन्हा आयजीजी तपासायची गरज नाही. कुणी तपासलं आणि निगेटिव्ह आलंच, आणि कागदावर एक-दोन डोस असतील, तर आणखी एक डोस घ्यायचा आणि विषय तिथे थांबवायचा.

लस नाही तिथे

सायटोमेगॅलोवर लस नाही, आणि बाळाच्या कानांना धोका त्याचाही आहे. हा विषाणू लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत महिनोन्‌महिने राहतो. एकत्र घरात जावेचं दीड वर्षाचं पोर असेल तर नवी सून त्याची लाडकी काकू होते, त्याचं उष्टं खाते, त्याच्या तोंडातून निघालेला चमचा स्वतःच्या तोंडात घालते. गर्भ राहावा असं वाटत असेल त्या महिन्यांत एवढं बदलायचं: उष्टं नको, पापा गालाऐवजी कपाळाचा, आणि डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवायचे. पोराला दूर ठेवायची मुळीच गरज नाही.

टोक्सोप्लाझ्माची गोष्ट मांजरापेक्षा मातीची आहे. मांजराच्या विष्ठेतले बीजाणू लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घरात मांजर असेल तर तिची जागा रोज साफ करावी, आणि ते काम दुसऱ्या कुणी करावं. कुंड्यांत हात घालताना हातमोजे घालावेत, कोथिंबीर-पालक वाहत्या पाण्यात धुवावी, मांस आतपर्यंत शिजवावं.

घरातल्या मुलांना एमएमआर द्यायची असेल तर वहिनी गरोदर आहे म्हणून ती पुढे ढकलू नये. लस घेतलेल्या मुलाकडून रुबेला दुसऱ्याला लागत नाही. उलट न घेतलेलं मूलच तो शाळेतून घरी आणतं.

गरोदरपणात संपर्क आलाच तर

शाळेत शिकवणारी आठव्या आठवड्यातली बाई आहे आणि वर्गातल्या एका मुलाला रुबेला निघाला. रुबेलाचा रुग्ण पुरळ उठण्याच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत विषाणू पसरवतो, म्हणजे तिचा संपर्क पुरळ दिसण्याआधीच होऊन गेलेला असतो. तिने लगेच, शक्य तर संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, आयजीजी आणि आयजीएमसाठी रक्त द्यावं. तेव्हाच आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असेल तर हे संरक्षण आधीचं आहे, कारण ताज्या संसर्गाचं आयजीजी इतक्या लवकर तयार होत नाही. मग निर्धास्त राहावं. दोन्ही निगेटिव्ह असतील तर तीन आठवड्यांनी पुन्हा, त्याच प्रयोगशाळेत, आणि पहिला नमुना त्यांनी जपून ठेवला असेल तर दोन्ही शेजारी लावून. निगेटिव्हचं पॉझिटिव्ह झालं तर तो खरा संसर्ग. तेव्हा गर्भतज्ज्ञाकडे जावं. आयजीजीसोबत आयजीएमही वर आलं असेल तर निर्णय घेण्याआधी आयजीजीची पकड किती घट्ट आहे हे मोजणारी अॅव्हिडिटी तपासणी मागावी. पकड घट्ट असेल तर संसर्ग जुना आहे.

कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला आणि स्वतःला कधी झाल्या नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. तिथे प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, पण ते जितकं लवकर तितकं उपयोगी, आणि दहा दिवसांनंतर त्याचा भरवसा नाही.

आणि गरोदरपणात रुबेला आयजीजी निगेटिव्ह निघालं, लस तर देता येत नाही, मग? फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या आणि बाळंतपणानंतर घरी सोडण्याआधी तिथेच एक डोस मागा. स्तनपान चालू असताना ही लस चालते. आईचं रक्त निगेटिव्ह गटाचं असून अँटी-डीचं इंजेक्शन दिलं असेल, तर तेही प्रतिपिंडांचंच इंजेक्शन असलं तरी इथे काही महिने थांबण्याचा नियम लावू नये, लस लांबणीवर टाकू नये. फक्त तीन महिन्यांनी एकदा आयजीजी तपासून डोस लागला का ते बघावं.